बाजू १०% वाढल्या तर क्षेत्रफळ किती, घनफळ किती? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पोलीस भरती, तलाठी, स्कॉलरशिप यांची तयारी करणाऱ्यांकडून हे प्रश्न सारखे येतात, आणि अधूनमधून कुणी मूर्तिकार किंवा प्लॉट घेणारेही विचारतात. सगळे एकत्र करून ठेवलेत. आधी सोपे आहेत, पुढे जिथे नेहमीचं उत्तर चालत नाही असे आहेत. घाईत असाल तर १ आणि २ वाचून मग हवा तो प्रश्न उघडा.

१. चौरसाची प्रत्येक बाजू १०% वाढवली तर क्षेत्रफळ २०% वाढेल ना? उत्तरात २१% का दिलंय?

२१% च बरोबर आहे, आणि ते वरचं १% कुठून आलं ते जमिनीवर दाखवता येतं. समजा ३० फूट बाय ३० फुटांचा चौरस तुकडा आहे, म्हणजे ९०० चौरस फूट. प्रत्येक बाजू १०% वाढवली की ३३ बाय ३३ होतो, म्हणजे १०८९ चौरस फूट, आणि हे माप आपल्या ओळखीचं आहे कारण बरोबर एक गुंठा झाला. वाढ झाली १८९ ची, आणि ९०० वर १८९ म्हणजे २१%.

आता ही १८९ ची वाढ कुठे बसली ते बघा. एका बाजूला ३० फूट लांब आणि ३ फूट रुंद पट्टी लागली, ९० चौरस फूट. दुसऱ्या बाजूला तशीच अजून एक, परत ९०. या दोन पट्ट्यांचे १८० म्हणजेच तुमचे २०%. पण दोन पट्ट्या जिथे भेटतात तिथे कोपऱ्यात ३ बाय ३ चा तुकडा उरतो, ९ चौरस फुटांचा, तो भरल्याशिवाय नवा चौरस पूर्णच होत नाही. ९०० वर ९ म्हणजे १%. "२० की २१" हा सगळा वाद त्या कोपऱ्याचा आहे.

हिशोब करायची पद्धत एकच लक्षात ठेवा: टक्के आधी पटीत बदला. १०% वाढ म्हणजे १.१ पट. क्षेत्रफळात दोन मापांचा गुणाकार असतो म्हणून १.१ × १.१ = १.२१ पट, म्हणजे २१% वाढ. टक्क्यांची बेरीज करायची नाही, पटींचा गुणाकार करायचा.

२. आणि घनाच्या सगळ्या कडा १०% वाढल्या तर घनफळ? ३०% की ३१% की अजून काही?

३३.१%. घनफळात तीन मापं असतात, १.१ × १.१ × १.१ = १.३३१.

चित्र वरच्यासारखंच आहे, फक्त एक मिती जास्त. १० सेंमी कडेचा घन घ्या, घनफळ १०००. कडा ११ सेंमी केली की १३३१. वाढलेले ३३१ कुठे गेले? तीन बाजूंना १० × १० × १ च्या तीन फरशा बसल्या, म्हणजे ३००. फरशा जिथे जोडल्या जातात तिथे तीन काठांवर १० × १ × १ च्या तीन पट्ट्या लागल्या, ३०. आणि शेवटी टोकाला १ × १ × १ चा एक छोटा घन. ३०० + ३० + १. म्हणून क्षेत्रफळात "दुप्पट टक्के" आणि घनफळात "तिप्पट टक्के" हा अंदाज नेहमी खरं उत्तर सोडून खाली राहतो, कारण अंदाजात फक्त मोठ्या पट्ट्या नाहीतर फरशा धरलेल्या असतात, सांध्यातले तुकडे धरलेलेच नसतात.

३. परीक्षेत दशांशाचा गुणाकार करायला वेळ नसतो, शॉर्टकट सांगा ना

क्षेत्रफळासाठी तो नेहमीचा आहेच: `x + y + xy/100`. दोन्ही बाजू २०% वाढल्या तर २० + २० + ४०० / १०० म्हणजे ४४%. यातला शेवटचा भाग म्हणजे प्रश्न १ मधला कोपऱ्याचा तुकडा, दुसरं काही नाही.

घनफळासाठी हेच सूत्र दोनदा लावायचं. ४४ आलं, आता ४४ आणि २० घेऊन परत: ४४ + २० + ८८० / १०० = ७२.८%. इथे बरेच जण काय करतात की दुसऱ्या वेळी ४४ च्या जागी परत २० च घालतात, मग ४४ च येतं आणि ऑप्शनमध्येही ४४ दिलेलं असतंच, त्यामुळे शंकासुद्धा येत नाही.

माझं स्पष्ट मत आहे की शॉर्टकटपेक्षा ११ पासून १५ पर्यंतचे वर्ग आणि घन पाठ करणं जास्त कामाचं. १२ चा घन १७२८ हे डोक्यात असेल तर १.७२८ दिसताच ७२.८% आलं, लिहायचंही काम नाही. १३ चा घन २१९७, म्हणून ३०% ला ११९.७%. १५ चा घन ३३७५, म्हणून ५०% ला २३७.५%. उलटे प्रश्न (प्रश्न ९) तर याशिवाय पटकन सुटतच नाहीत.

४. बाजू दुप्पट केली तर क्षेत्रफळ ४००% वाढतं की ३००%?

वाढ ३००%. क्षेत्रफळ चौपट होतं, पण चौपटीतलं एक पट आधीपासूनच होतं, वाढलं ते तीन पट. तसंच घनफळ आठपट होतं आणि वाढ ७००%. "किती पट झालं" आणि "किती टक्के वाढलं" हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि पेपर काढणारे ४०० आणि ३०० दोन्ही ऑप्शन मुद्दाम ठेवतात. प्रश्नातला "ने वाढले" आणि "इतके झाले" हा फरक पेन्सिलने अधोरेखित करा आणि मगच आकडेमोड करा.

५. हे फक्त चौरस आणि घनाला चालतं का? गणपतीच्या मूर्तीला तर काही सूत्रच नाही, तिथे कसं काढायचं?

चालतं, आणि मूर्तीला तर छान चालतं. कुठलाही वेडावाकडा आकार बारीक बारीक चौकोनांनी भरलाय असं समजा, सगळा आकार सारख्या प्रमाणात मोठा केला की त्यातला प्रत्येक चौकोनही तसाच मोठा होतो, प्रत्येकाचं क्षेत्रफळ १.२१ पट झालं तर बेरीजही १.२१ पटच होणार. वर्तुळ, त्रिकोण, अंडाकृती, सगळ्यांना तेच. भरीव वस्तूत चौकोनाच्या जागी बारीक घन. अट एकच, सगळी मापं सारख्या टक्क्याने वाढली पाहिजेत आणि आकार तोच राहिला पाहिजे.

आता एक मूर्तिकार विचारतात तो हिशोब पूर्ण करू. समजा १२ इंची शाडूची भरीव मूर्ती आहे, ६ किलो माती लागली आणि रंग २०० मिली. गिऱ्हाईक म्हणतं सेम मूर्ती १८ इंची हवी. उंची ५०% वाढली, म्हणजे १.५ पट. पण "सेम मूर्ती" म्हणजे सोंडेची जाडी, पोटाचा घेर, पाटाची रुंदी सगळंच १.५ पट.

रंग लागतो पृष्ठभागाला, आणि पृष्ठफळ हे क्षेत्रफळच आहे, मग वस्तू कितीही भरीव असो. म्हणून १.५ × १.५ = २.२५ पट, २०० मिलीच्या जागी ४५० मिली, वाढ १२५%. माती भरते आतपर्यंत, म्हणून ३.३७५ पट, ६ किलोच्या जागी २० किलो २५० ग्रॅम, वाढ २३७.५%. उंचीवर नुसता दीडपट दर लावला तर ९ किलो मातीचे पैसे मिळतात आणि माती जाते २० किलोच्या वर. मोठ्या मूर्तीचा दर उंचीच्या हिशोबाने सांगणं म्हणूनच परवडत नाही.

याचा अजून एक परिणाम आहे जो सुकवताना दिसतो. ओलावा बाहेर पडतो पृष्ठभागातून, पण तो साठलेला असतो सगळ्या मातीत. पृष्ठभाग २.२५ पट झाला आणि माती ३.३७५ पट, म्हणजे पृष्ठभागाच्या प्रत्येक इंचामागे आता दीडपट माती आहे. मोठी भरीव मूर्ती सुकायला जास्त दिवस घेते त्याचं मुख्य कारण हे.

६. पण आमच्या मूर्ती आतून पोकळ असतात, मग माल ३.३७५ पट लागत नाही, असं का?

हा फार चांगला प्रश्न आहे कारण इथे नियम मोडल्यासारखा वाटतो पण मोडत नाही. साच्यात पीओपीचा थर देऊन केलेली पोकळ मूर्ती असेल तर बघायचं ते हे की उंची वाढवताना थराची जाडीही तेवढीच वाढवली का. जाडी वाढवली असेल तर माल ३.३७५ पटच लागेल. जाडी तीच ठेवली तर माल पृष्ठभागाच्या जवळपास जाईल, म्हणजे २.२५ पटीच्या आसपास.

"आसपास" का म्हटलं ते एका पोकळ घनावर पडताळून बघता येतं. बाहेरून १० सेंमीचा घन, भिंत १ सेंमी जाड. आतली पोकळी ८ सेंमीची, म्हणून माल १००० वजा ५१२, म्हणजे ४८८ घन सेंमी. आता बाहेरून १५ सेंमी केला पण भिंत १ सेंमीच ठेवली: पोकळी १३ सेंमीची, माल ३३७५ वजा २१९७, म्हणजे ११७८. हे ४८८ च्या साधारण २.४१ पट झाले, वाढ १४१%. भिंतही १.५ सेंमी केली असती तर पोकळी १२ ची, माल ३३७५ वजा १७२८, म्हणजे १६४७, आणि ते बरोबर ३.३७५ पट.

भिंत जितकी पातळ तितकं उत्तर २.२५ च्या जवळ सरकतं. पत्र्याचा डबा, कापडी पिशवी, फुगा यांना तर सरळ क्षेत्रफळाचा हिशोब लावला तरी चालतं, कारण जाडी आकाराच्या मानाने नगण्य असते आणि ती बहुतेक तीच राहते. ओळखायचं कसं? वस्तूत न वाढणारं एखादं माप आहे का ते शोधा. असेल तर "सगळी मापं" ही अट सुटली, आणि मग पुढचा प्रश्न लागू होतो.

७. सगळी मापं न वाढता फक्त काही वाढली तर? उदा. पाइपची लांबी तीच, फक्त व्यास २०% वाढवला

प्रत्येक माप घनफळात किती वेळा येतं ते मोजा. वृत्तचितीत त्रिज्या दोनदा येते आणि उंची एकदा. व्यास २०% वाढला म्हणजे त्रिज्याही २०% च वाढली, म्हणून १.२ × १.२ × १ = १.४४, पाइपमध्ये मावणारं पाणी ४४% वाढलं. फक्त लांबी २०% वाढवली असती तर पाणी २०% च वाढलं असतं. दोन्ही वाढवलं तर ७२.८%.

परीक्षेतला आवडता फिरवलेला प्रकार म्हणजे त्रिज्या २०% वाढवली आणि उंची २०% कमी केली. पुष्कळजण "सारखंच राहिलं" म्हणून पुढे जातात. १.४४ × ०.८ = १.१५२, म्हणजे १५.२% वाढ. उलट केलं, त्रिज्या २०% कमी आणि उंची २०% जास्त, तर ०.६४ × १.२ = ०.७६८, म्हणजे २३.२% घट. त्रिज्या दोनदा येत असल्यामुळे तिचंच पारडं जड राहतं.

८. माझ्या प्लॉटच्या चारही बाजू शेजारच्या प्लॉटपेक्षा १०% जास्त आहेत, म्हणजे जागा २१% जास्त धरू का?

नुसत्या बाजू बघून धरू नका. चार बाजूंच्या आकृतीत चारही लांबी माहीत असूनही क्षेत्रफळ ठरत नाही, कारण कोन सरकू शकतात. चार काड्या टोकांना सैल बांधून चौकोन केला की तो दाबून तिरका करता येतो, काड्या तेवढ्याच राहतात आणि आतली जागा कमी कमी होत जाते.

आकड्यात सांगायचं तर शेजारचा प्लॉट ३० बाय ३० चा काटकोनी चौरस, ९०० चौरस फूट. तुमच्या चारही बाजू ३३ फूट. कोपरे काटकोनी असतील तर १०८९. पण कोपरा ६० अंशांचा असेल, म्हणजे प्लॉट पतंगासारखा तिरका असेल, तर साधारण ९४३ च चौरस फूट भरतात, म्हणजे वाढ ५% ला सुद्धा पोचत नाही. कोपरा ५६ अंशांच्या जवळपास आला तर बाजू १०% जास्त असूनही जागा शेजाऱ्याएवढीच.

उपाय सोपा आहे, टेपने एक कर्ण मोजा. कर्ण जोडला की चौकोनाचे दोन त्रिकोण होतात, आणि त्रिकोणाच्या तीन बाजू ठरल्या की त्याचा आकार पक्का होतो, तो सरकू शकत नाही. शेजारच्या चौरसाचा कर्ण साधारण ४२.४ फूट आहे, तुमचाही १०% जास्त म्हणजे ४६.७ फुटांच्या आसपास भरला तर आकार तोच आहे आणि २१% बिनधास्त धरा. याच कारणाने त्रिकोणी तुकड्याच्या तिन्ही बाजू १०% वाढल्या असतील तर काहीच शंका नको, क्षेत्रफळ २१% च वाढतं.

याच्याबरोबर येणारी दुसरी गल्लत: "प्रत्येक बाजू २ फुटांनी वाढवली" हे "प्रत्येक बाजू सारख्या टक्क्याने वाढवली" असं नाही. १० बाय २० ची खोली १२ बाय २२ केली तर एक बाजू २०% वाढली आणि दुसरी १०%, जागा २०० वरून २६४, वाढ ३२%. `x + y + xy/100` इथेही लागू होतं, फक्त x आणि y वेगळे.

९. उलटं विचारलं तर? क्षेत्रफळ किंवा घनफळाची वाढ दिली आणि बाजूची विचारली

पटीत बदला आणि मूळ काढा. क्षेत्रफळ ४४% वाढलं म्हणजे १.४४ पट, वर्गमूळ १.२, बाजू २०% वाढली. ४४ ला २ ने भागून २२ लिहू नका. घनफळ ७२.८% वाढलं तर घनमूळ १.२, परत २०%. आणि "घनफळ ७२.८% वाढलं तर पृष्ठफळ किती वाढलं" असं विचारलं तर मधल्या पायरीवरून जा: घनफळावरून बाजू २०%, बाजूवरून पृष्ठफळ ४४%. सरळ उडी मारायला गेलं की बहुतेकवेळा चुकतं.

सगळ्यात जवळचं खरं उदाहरण झेरॉक्सच्या दुकानात आहे. ए४ कागदावरचं ए३ वर मोठं करायला मशीनवर १४१% येतं, २००% नाही. ए४ आहे २१० बाय २९७ मिमी, ए३ आहे २९७ बाय ४२०, क्षेत्रफळ दुप्पट. क्षेत्रफळ दुप्पट हवं तर प्रत्येक बाजू २ च्या वर्गमूळाइतकी पट, म्हणजे साधारण १.४१. मशीनवरचे १४१% म्हणजे "१.४१ पट", वाढ म्हणाल तर ४१% च (प्रश्न ४ मधला फरक). ए३ चं ए४ करताना ७१% येतं तेही याच हिशोबाने, ०.७१ चा वर्ग साधारण अर्धा.

घनफळ दुप्पट करायचं असेल तर बाजू अजून कमी वाढवावी लागते. १.२६ चा घन जवळपास २ येतो, म्हणून १००० लिटरच्या टाकीसारखीच पण २००० लिटरची टाकी हवी असेल तर उंची आणि रुंदी फक्त २६% च्या आसपास जास्त असते. गच्चीवर शेजारी ठेवल्या तर डोळ्याला ती दुप्पट वाटत नाही, पण पाणी दुप्पट मावतं.

१०. बाजू कमी केल्या तर पण हेच? २०% कमी केल्यावर ४०% आणि ६०% घट?

पद्धत तीच, पण अंदाज उलट्या बाजूला चुकतो. २०% घट म्हणजे ०.८ पट. क्षेत्रफळ ०.६४, म्हणजे घट ३६%. घनफळ ०.५१२, घट ४८.८%. वाढीत खरं उत्तर दुप्पट-तिप्पट टक्क्यांपेक्षा जास्त येतं आणि घटीत कमी येतं. पटत नसेल तर ५०% घट घेऊन बघा, दुप्पट टक्क्यांच्या हिशोबाने क्षेत्रफळ १००% घटलं म्हणजे आकृतीच गायब, पण प्रत्यक्षात पाव भाग शिल्लक असतो, घट ७५%.

आणि आधी २०% वाढवून मग २०% कमी केलं तर मूळ माप परत येत नाही. बाजू १.२ × ०.८ = ०.९६ पट, क्षेत्रफळ ०.९२१६, म्हणजे ७.८४% कमीच राहिलं, घनफळ तर साडेअकरा टक्क्यांनी कमी. मूळावर यायला १६.६७% कमी करावं लागतं, कारण १ भागिले १.२ म्हणजे ०.८३३३.

११. अकरावीच्या फिजिक्समध्ये क्षेत्रीय प्रसरण 2α आणि घनीय प्रसरण 3α दिलंय, तिथे कोपऱ्याचा तुकडा का धरत नाहीत?

कारण तिथे टक्के इतके बारीक असतात की तो तुकडा मोजमापात दिसतच नाही. पोलादाचा रेषीय प्रसरणांक दर अंशाला साधारण ०.००००१२ आहे. पट्टी ४० अंशांनी तापली तर लांबी ०.००००१२ × ४० = ०.०००४८ ने, म्हणजे ०.०४८% ने वाढते. दुप्पट केले तर ०.०९६%. पूर्ण वर्ग करून काढलं तर ०.०९६०२३%. फरक सहाव्या दशांश स्थळाच्या आसपास जातो आणि प्रसरणांक स्वतःच इतक्या बारकाईने माहीत नसतो, त्यामुळे तो धरून उपयोग नाही.

तोंडी अंदाजासाठी हे वापरता येतं: १% वाढीला क्षेत्रफळ २.०१% आणि घनफळ ३.०३%, म्हणजे २ आणि ३ म्हटलं तरी बिघडत नाही. ५% ला १०.२५ आणि १५.७६, इथे घनफळात पाऊण टक्क्याची तूट दिसायला लागते. १०% च्या पुढे मात्र दुप्पट-तिप्पट करू नका. ५०% ला तिप्पट टक्के म्हणजे १५० आणि खरं उत्तर २३७.५, शाडूच्या त्या ६ किलोच्या मूर्तीवर हा फरक सव्वापाच किलो मातीचा होतो.